माहिती फुटल्याचं पत्र आलं तर

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, जिथून कुठून ऐकत असाल तिथे हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या.

परीक्षेचा पेपर फुटला असं आपण म्हणतो. पेपर कपाटात बंद असायला हवा होता, तो कुणीतरी बाहेर काढला. आपल्या माहितीचंही तसं होतं. बँक, कर्ज देणारी कंपनी, विमा कंपनी, मोबाईल कंपनी, गॅस एजन्सी, सगळ्यांकडे आपण नाव, पत्ता, जन्मतारीख, मोबाईल नंबर, आधारची झेरॉक्स देतो. ती त्यांच्या संगणकात साठते. तिथून कुणी चोरून नेली की माहिती फुटली. मग त्या बँकेनं किंवा कंपनीनं आपल्याला कळवायचं असतं, मेसेजनं, ईमेलनं किंवा पत्रानं. असा मेसेज आला तर तो कसा वाचायचा आणि वाचून काय करायचं, एवढंच आज बोलू.

असा मेसेज आला की दोनपैकी एक गोष्ट होते. कुणी घाबरून आलेल्या लिंकवर बोट ठेवते, तर कुणी कंपनीचा नेहमीचा मेसेज समजून पुसून टाकते. दोन्हींत नुकसान आहे. ते कसं, हे कळायला आपल्याच देशातली एक मोठी घटना पाहू.

२०१६ साल. हिताची पेमेंट सर्व्हिसेस नावाची कंपनी बँकांसाठी एटीएमचं कामकाज बघत होती. तिच्या संगणकात चोरांनी एक घातक प्रोग्राम घुसवला. २१ मे ते ११ जुलै २०१६ या काळात तो तिथे होता, हे कंपनीनं पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये सांगितलं. त्या जाळ्यातल्या एटीएमवर कार्ड वापरलेल्या लोकांच्या कार्डाची माहिती धोक्यात आली. आणि ही माणसं एकाच बँकेची नव्हती. आपणही पैसे काढायला जवळचं एटीएम बघतो, ते आपल्याच बँकेचं असतं असं नाही. त्यामुळे अनेक बँकांची मिळून सुमारे ३२ लाख कार्डं संशयाखाली आली.

त्या काळी बहुतेक कार्डांवर मागे नुसती काळी पट्टी होती. पट्टीतली माहिती मिळाली की चोर कोऱ्या कार्डावर ती उतरवून हुबेहूब दुसरं कार्ड बनवू शकतो. तुमचं कार्ड तुमच्या पाकिटात आणि पैसे जातात चीनमध्ये किंवा अमेरिकेत, असं तेव्हा खरंच घडलं. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय पेमेंट महामंडळानं आकडा दिला: १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांच्या तक्रारी आणि सुमारे १ कोटी ३० लाख रुपये गेले.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. ३२ लाख कार्डं धोक्यात आणि तक्रारी ६४१. म्हणजे साधारण पाच हजार कार्डांमागे एक. म्हणजे माहिती फुटली म्हणून पैसे गेलेच, असं नसतं. मधे थोडा वेळ असतो, आणि त्या वेळात पिन बदलला किंवा कार्ड बंद केलं तर चोराच्या हाती आलेली माहिती निरुपयोगी होते. पण तो वेळ वापरायचा तर ग्राहकाला वेळेवर कळायला हवं. तिथेच गोची झाली. माहिती फुटली मे ते जुलैमध्ये आणि सर्वसामान्य माणसाला ती कळली ऑक्टोबरमध्ये. तेव्हा काही बँकांनी ग्राहकांना पिन बदलायला सांगितलं. स्टेट बँकेनं सुमारे ६ लाख कार्डं थेट बंद करून नवी द्यायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना पट्टीची कार्डं काढून चिपची कार्डं द्यायला लावली. कार्डावर जो सोनेरी चौकोन दिसतो, ती चिप. तिची नक्कल पट्टीसारखी सहज होत नाही.

या घटनेतून एक साधी गोष्ट घ्यायची. जे फुटलं ते बदलता येत असेल तर लगेच बदला. बदलता येत नसेल तर त्यावर पहारा ठेवा. पिन बदलता येतो, पासवर्ड बदलता येतो, कार्ड नवं मिळतं. पण जन्मतारीख बदलत नाही, आधार नंबर बदलत नाही, नाव-गाव बदलत नाही. म्हणून मेसेज आला की आधी शोधायचं, की माझं नेमकं काय फुटलं?

आता कायदा काय म्हणतो ते बघू. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. माहिती फुटल्याचं कळवण्याचा नियम त्यानंतर दीड वर्षानं, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायचा आहे. नियम असा, की माहिती फुटली की कंपनीनं उशीर न करता प्रत्येक बाधित माणसाला सोप्या, स्पष्ट भाषेत पाच गोष्टी सांगायच्या. काय घडलं, किती आणि कधी. त्याचा तुम्हाला काय त्रास होऊ शकतो. कंपनीनं त्यावर काय केलं. तुम्ही काय करायचं. आणि विचारायचं असेल तर कुणाला विचारायचं. न कळवणाऱ्या कंपनीला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या पाच गोष्टी हाताच्या पाच बोटांवर मोजून ठेवा. आजही कुठला असा मेसेज आला तर त्यात कोणतं बोट राहिलं ते बघा आणि तेवढं शाखेत जाऊन विचारा.

पण मैत्रिणींनो, कंपनी कळवते कुठे? तुम्ही नोंदवलेल्या नंबरवर किंवा पत्त्यावर. आता आठवून बघा, खातं उघडताना कुणाचा नंबर दिला होता? कुणी नवऱ्याचा दिला, कुणी शिकायला पुण्याला गेलेल्या मुलाचा, तर कुणाचं जुनं सिम रिचार्ज न केल्यानं बंद पडलं. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याच माणसाला देते. मग तुमच्या खात्याचा मेसेज त्याच्याकडे जाणार आणि तुम्हाला पत्ताच नाही. म्हणून पहिलं काम आत्ताच करायचं, मेसेज यायच्या आधी. पासबुक आणि आधार घेऊन शाखेत जा, खात्याला कोणता नंबर जोडलाय ते विचारा आणि स्वतःचा, चालू असलेला नंबर जोडून घ्या. आधारलाही तोच जोडा.

आता एक मेसेज प्रत्यक्ष वाचून बघू. हा आम्ही समजण्यासाठी तयार केलाय, कुठल्या खऱ्या कंपनीचा नाही. समजा, गटातल्या एका ताईनं शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलं होतं आणि त्या कंपनीकडून असं पत्र आलं:

"३ ते ९ ऑगस्ट या काळात आमच्या संगणकातील कर्ज-अर्जांची माहिती अनोळखी व्यक्तीने चोरली. आपले नाव, पत्ता, जन्मतारीख, मोबाईल नंबर, कर्जाची रक्कम, बँक खाते क्रमांक आणि आधार कार्डाची प्रत त्यात आहे. पिन, पासवर्ड व अंगठ्याचे ठसे आम्ही साठवत नाही, त्यामुळे ते चोरीस गेलेले नाहीत. आपल्याला फसवे फोन येण्याची व आपल्या नावाचा गैरवापर होण्याची शक्यता आहे. आम्ही तो मार्ग बंद केला असून पोलिसांत तक्रार दिली आहे. कृपया ओटीपी कोणालाही सांगू नये व खात्यावर लक्ष ठेवावे. अधिक माहितीसाठी आमच्या शाखेतील तक्रार अधिकाऱ्यांना भेटावे."

पाचही बोटं मोजली गेली. पत्र ठीक आहे. आता यातला एकेक तुकडा हातात घेऊ.

पहिला तुकडा मोबाईल नंबर आणि कर्जाची रक्कम. याचा वापर सगळ्यात आधी होतो आणि सगळ्यात जास्त होतो. ताईला फोन येईल, "तुमचं मशीनचं कर्ज चाळीस हजारांचं ना? दोन हप्ते माफ झालेत, फक्त आलेला ओटीपी सांगा." ताईला वाटेल, याला तर सगळं माहीत आहे, म्हणजे हा कंपनीचाच माणूस. पण ती माहिती फुटलेलीच आहे! समोरच्याला आपली माहिती असणं हा तो खरा असल्याचा पुरावा नव्हे. अशा फोनला एकच उत्तर, "मी शाखेत येऊन बोलते." आणि फोन ठेवायचा.

दुसरा तुकडा खाते क्रमांक. नुसत्या खाते क्रमांकावरून पैसे काढता येत नाहीत, जमा मात्र करता येतात. हा नंबर आपण योजनेच्या फॉर्मवर लिहितोच, तो पासबुकच्या पहिल्या पानावरही असतो. म्हणून खातं बंद करायला धावू नका. व्यवहाराचे मेसेज चालू आहेत ना ते बघा आणि पुढचे दोन-तीन महिने दर आठवड्याला पासबुक भरून घ्या. लहान रकमाही बघा. शंभर-दोनशेची अनोळखी वजावट दिसली तरी शाखेत विचारा.

तिसरा तुकडा आधारची प्रत आणि जन्मतारीख. हे बदलता येत नाही, म्हणून इथे पहारा. यावर चोर दोन गोष्टी करू बघतो, तुमच्या नावानं सिम घेणं आणि तुमच्या नावानं कर्ज काढणं. तुमच्या नावावर किती सिम आहेत हे सरकारच्या sancharsaathi.gov.in या संकेतस्थळावर दिसतं आणि अनोळखी सिमची तक्रारही तिथेच करता येते. कर्जाचं बघायचं तर कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. लोक सरसकट त्याला सिबिल म्हणतात, पण सिबिल ही त्यातली एक. प्रत्येकीकडून वर्षात एकदा तुमचा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. मात्र चारही एकाच दिवशी मागवू नका. आजच कुणी कर्ज काढलं तर ते अहवालात लगेच दिसेलच असं नाही. एक आत्ता मागवा, दुसरा तीन महिन्यांनी, तिसरा त्यानंतर. असा वर्षभर पहारा राहतो. न घेतलेलं कर्ज दिसलं तर अहवाल देणाऱ्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे, दोन्हीकडे लेखी हरकत घ्या.

आता अंगठ्याचं. आपल्या गावात बँक मित्राकडे आधार नंबर आणि अंगठा देऊन पैसे निघतात. आधारची प्रत गेली तरी अंगठ्याशिवाय तिथे पैसे निघत नाहीत. पण देशात काही ठिकाणी चोरांनी जमिनीच्या खरेदीखताच्या कागदांवरचे ठसे उचलून, त्यांचे नकली अंगठे बनवून पैसे काढल्याचे गुन्हे नोंद झालेत. म्हणून आधारच्या अ‍ॅपवरून आपला अंगठा 'लॉक' करायची सोय आहे. त्यासाठी आधारला मोबाईल नंबर जोडलेला हवा. मात्र अंगठा लॉक केला की तो रेशन दुकानातही चालणार नाही आणि बँक मित्राकडेही नाही. आधी तो थोड्या वेळापुरता उघडावा लागतो. ज्यांना फोनवर ते जमतं किंवा घरात भरवशाचं माणूस करून देतं, त्यांनी जरूर लॉक करावं. ज्यांना जमणार नाही त्यांनी उगाच करून रेशन अडवून घेऊ नये, पासबुकावर नजर ठेवावी. आधारविषयी काही विचारायचं तर १९४७ हा नंबर.

या पत्रात कार्ड किंवा पिनचा उल्लेख असता तर मात्र गोष्ट वेगळी. मग पहारा-बिहारा नाही. त्याच दिवशी कार्ड बंद करायचं, पिन बदलायचा. तोच पिन दुसऱ्या कार्डाला ठेवला असेल तर तिथलाही बदलायचा.

एक धोका खुद्द पत्राचाच आहे. कुठे माहिती फुटल्याची बातमी आली की चोर स्वतःच तसले मेसेज पाठवतात, "तुमची माहिती चोरीला गेली आहे, खातं वाचवण्यासाठी इथे दाबा." खरं-खोटं ओळखायची खूण सोपी आहे. खरं पत्र तुम्हाला माहिती देतं, खोटं पत्र तुमच्याकडून माहिती मागतं. ओटीपी, पिन, कार्डाच्या मागचे तीन आकडे मागितले की ते खोटं. व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल पाठवून ती फोनमध्ये टाकायला सांगितली की ते खोटं. "अर्ध्या तासात करा नाहीतर खातं बंद" अशी घाई केली तर संशय घ्या. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करू नका. पासबुकवर किंवा कार्डाच्या मागे छापलेला नंबर लावा, नाहीतर सरळ शाखेत जा.

आणि एवढं करूनही पैसे गेलेच तर? इथे घड्याळ महत्त्वाचं. आधी १९३० हा नंबर लावा. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन आहे. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे वाटेतच थांबवण्याची शक्यता जास्त. cybercrime.gov.in या संकेतस्थळावरही तक्रार देता येते. त्याच दिवशी बँकेलाही कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये याविषयी परिपत्रक काढलं. २०१६ सारखी घटना, म्हणजे चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच व्यवस्थेत चोरी झाली, तर बँकेचा व्यवहाराचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलं तर तुमचं नुकसान शून्य धरायचं. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर जनधनसारख्या मूळ बचत खात्याला जास्तीत जास्त ५,००० रुपयांपर्यंत आणि साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंत नुकसान तुमच्याकडे येतं. त्याहून उशीर झाला तर बँकेचं स्वतःचं धोरण काय म्हणतं त्यावर. दिवस मोजायचे कसे? मेसेज आला तो दिवस धरायचा नाही. समजा शुक्रवारी मेसेज आला, शनिवार दुसरा म्हणून बँकेला सुटी आणि मग रविवार. तर सोमवार पहिला, मंगळवार दुसरा, बुधवार तिसरा दिवस. बुधवार संध्याकाळपर्यंत तक्रार नोंद झाली पाहिजे. तुम्ही कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेनं ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा, असं हे परिपत्रक सांगतं.

पण आपणच ओटीपी किंवा पिन सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंत झालेलं नुकसान आपल्या माथी येतं. कळवल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेचं. म्हणजे हातून ओटीपी सांगितला गेला असला तरी "आता कोणत्या तोंडानं सांगू" म्हणून गप्प बसायचं नाही. गप्प बसलेला प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ या नंबरवर मिळते.

यासाठी पुरावा लागतो. म्हणून माहिती फुटल्याचा मेसेज पुसू नका. त्याचा फोटो काढा आणि वहीत चार गोष्टी लिहा: कधी आला, कुणाकडून आला, त्यात काय फुटलं असं लिहिलं होतं आणि आपण त्यावर काय केलं. सहा महिन्यांनी कुणी तुमच्या नावानं कर्ज काढलं तर माहिती कुठून फुटली आणि तुम्ही केव्हा काय पाऊल उचललं, हे त्या चार ओळी सांगतील.

येत्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की गटाच्या रजिस्टरमध्ये एक पान वेगळं काढा. प्रत्येकीच्या नावापुढे लिहा, बँक खात्याला कोणाचा नंबर जोडलाय आणि तो चालू आहे का. खाते क्रमांक, आधार, पिन यांतलं काही त्यावर लिहू नका, नाहीतर तेच पान फुटायचं. जिच्या नावापुढे दुसऱ्याचा नंबर निघेल तिच्यासोबत गटातल्या एकीनं शाखेत जाऊन यावं. १९३० हा नंबर त्या पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

आजच्यासाठी एवढंच. काही अडलं तर आम्हाला कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.